लघवीतला फेस आणि लघवीतलं रक्त

चार वर्षांचा मुलगा. आठवडाभर सकाळी उठतो तेव्हा डोळ्यांभोवती सूज असते, संध्याकाळपर्यंत ती पायांवर उतरते. पोटही मोठं दिसू लागलंय. लघवीला फेस येतो, असं आई सांगते. रक्तदाब नॉर्मल. लघवीच्या तपासणीत प्रथिनं चार प्लस, लाल पेशी नाहीत. रक्तातलं अल्ब्युमिन 1.8, कोलेस्टेरॉल 410, क्रिएटिनिन अगदी व्यवस्थित. या मुलाच्या मूत्रपिंडाची बायोप्सी केली, तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसेल?

आठ वर्षांची मुलगी. महिन्याभरापूर्वी खरूज झाली होती, खाजवून खाजवून पायांवर पू झालेल्या पुळ्या आल्या होत्या, त्या सुकल्या. आता दोन दिवसांपासून चेहरा सुजलाय, लघवी कमी होते आणि तिचा रंग कोऱ्या चहासारखा झालाय. डोकं दुखतं. रक्तदाब 142/96. लघवीत प्रथिनं दोन प्लस आणि लाल पेशींचे साचे. क्रिएटिनिन 1.4, सी-3 नावाचं प्रथिन नेहमीच्या एक तृतीयांशावर. हिच्या बायोप्सीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसेल?

वैद्यकीय शिक्षणात पॅथॉलॉजी शिकणाऱ्या मुलांसमोर या धाटणीचे प्रश्न येतच राहतात. पहिल्याचं नाव नेफ्रॉटिक सिंड्रोम, दुसऱ्याचं नेफ्रिटिक. मुलं दोन रकाने आखून पाठ करतात: इकडे प्रथिनं जास्त, तिकडे रक्त जास्त; इकडे सूज फार, तिकडे रक्तदाब फार. पाठांतरानं सोपे प्रश्न सुटतात. पेपर काढणारा जरा कसलेला असला की मात्र रकाने एकमेकांत मिसळतात, कारण सूज दोन्हींकडे आहे, प्रथिनं दोन्हींकडे आहेत आणि पालकांना आधी दिसतो तो दोन्हींकडे सुजलेला चेहराच. प्रश्न खरा सुटतो तो बिघाड गाळणीच्या कोणत्या बाजूला झालाय हे पाहिलं की.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख ग्लोमेरुलस असतात. ग्लोमेरुलस म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. या सगळ्या गुच्छांतून मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो, त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा शरीर परत घेतं. तेवढ्या 180 लिटर रक्तद्रवात सात किलोंहून जास्त अल्ब्युमिन असतं. निरोगी माणसाच्या चोवीस तासांच्या लघवीत मात्र सगळी प्रथिनं मिळून 150 मिलिग्रॅमच्या आतच सापडतात.

एवढं काटेकोर काम तीन थरांची चाळणी करते. रक्ताच्या बाजूला वाहिनीचं भोकं असलेलं पातळ अस्तर. मधे जाळीदार पटल. आणि लघवीच्या बाजूला पोडोसाइट नावाच्या पेशी. या पेशींना असंख्य बारीक पाय असतात, शेजारशेजारच्या पेशींचे पाय एकमेकांत गुंततात आणि त्यांच्यामधल्या फटींवर आणखी एक अतिसूक्ष्म पडदा ताणलेला असतो. त्या पडद्यातलं मुख्य प्रथिन, नेफ्रिन, 1998 मध्ये सापडलं. जन्मतःच नेफ्रॉटिक सिंड्रोम असलेल्या फिनलंडमधल्या बाळांच्या जनुकांचा शोध घेताना कार्ल ट्रिग्वासन आणि त्यांचे सहकारी तिथवर पोचले. त्या बाळांमध्ये नेफ्रिनचंच जनुक बिघडलेलं होतं.

आता पहिल्या मुलाकडे येऊ. त्याच्या चाळणीचा बिघाड लघवीच्या बाजूला, पोडोसाइटमध्ये आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तिथलं काही कळत नाही, त्या तिकडे धावत नाहीत, दाह होत नाही. पटल फाटत नाही, म्हणून लाल पेशी बाहेर पडत नाहीत. फटींवरचा पडदा तेवढा सैल होतो आणि अल्ब्युमिन वाहून जातं. प्रौढांमध्ये दिवसाला साडेतीन ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं गेली, तर त्याला नेफ्रॉटिक प्रमाण म्हणतात. लहान मुलाची चोवीस तासांची लघवी गोळा करणं किती कठीण ते आईबापांनाच विचारावं; म्हणून मुलांमध्ये सकाळच्या एकाच नमुन्यातलं प्रथिनांचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर पाहतात. ते 2 च्या वर गेलं की नेफ्रॉटिक.

बाकीची लक्षणं या एका गळतीतून निघतात. यकृत जास्तीचं अल्ब्युमिन करायला धावतं, पण गळती भरून निघत नाही. त्या धावपळीत ते चरबी वाहून नेणारी प्रथिनंही जास्त बनवतं, म्हणून कोलेस्टेरॉल 410. अल्ब्युमिनबरोबर रक्त गोठू न देणारी काही प्रथिनं निसटतात, म्हणून शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका. प्रतिकाराची प्रथिनं निसटतात, म्हणून पोटातल्या साठलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका. नेफ्रॉटिक मुलाला ताप आला आणि पोट दुखू लागलं, तर बालरोगतज्ज्ञ ते सहज सोडून देत नाहीत, ते यामुळे.

सुजेबद्दल थोडं थांबायला हवं, कारण पाठांतर इथेच लंगडं पडतं. पुस्तकातलं जुनं उत्तर असं: अल्ब्युमिन रक्तात पाणी धरून ठेवतं, ते कमी झालं की पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं. हे खरं आहे, पण पुरतं नाही. गळलेल्या प्रथिनांबरोबर आलेली काही विकरं मूत्रनलिकेत मीठ शोषणारे मार्ग जास्त उघडतात, त्यामुळे मूत्रपिंड स्वतःहूनही मीठ धरून ठेवतं. कोणत्या मुलात कोणतं कारण भारी, यावर उपचार ठरतो. वाहिन्यांमधलं पाणी आधीच कमी असेल आणि लघवी वाढवणारं औषध सढळ हातानं दिलं, तर बाहेरून फुगलेलं मूल आतून कोरडं पडतं, हातपाय गार होतात, नाडी जलद होते. सूज दिसली की पाणी काढा, इतका सरळ हिशेब इथे चालत नाही.

मग बायोप्सीत काय दिसेल? साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काहीच नाही. गुच्छ नॉर्मल, पेशी नॉर्मल, पटल नॉर्मल. परीक्षेत विद्यार्थी या उत्तराला घाबरतात. एवढं आजारी मूल आणि काहीच नाही असं कसं लिहायचं? पण तेच बरोबर आहे. आजाराचं नावही तसंच, मिनिमल चेंज डिसीज. 1957 मध्ये मेरिलिन फार्कर, रॉबर्ट व्हर्नियर आणि रॉबर्ट गुड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा रुग्णांचे ग्लोमेरुलस पाहिले. पोडोसाइटचे ते गुंतलेले बारीक पाय सपाट होऊन पसरलेले होते, एकमेकांत मिसळून गेलेले. प्रतिपिंडांसाठी चमकणारा रंग लावून पाहिलं, तर तिथेही बहुधा काळोखच. अलीकडे काही रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धच प्रतिपिंडं सापडली आहेत, त्यामुळे हा काळोख खरोखर किती रिकामा, यावर आता नव्यानं काम चाललंय.

याला एक मोठी मर्यादा आहे. पोडोसाइटचे पाय सपाट होणं ही मिनिमल चेंजची एकट्याची खूण नव्हे. कोणत्याही कारणानं भरपूर प्रथिनं जाऊ लागली की पाय सपाट होतात. फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस नावाच्या आजारात सुरुवातीला मोजक्याच गुच्छांच्या एखाद्या भागात चट्टे असतात, आणि तेही मूत्रपिंडाच्या खोल भागात आधी. सुईत आलेल्या तुकड्यात नेमके ते गुच्छ नसतील, तर अहवाल मिनिमल चेंज असा येतो आणि मूल औषधाला दाद देत नाही. म्हणून पॅथॉलॉजिस्ट अहवालात किती ग्लोमेरुलस पाहिले तो आकडा लिहितो. पाच पाहून काढलेला निष्कर्ष आणि पंचवीस पाहून काढलेला निष्कर्ष यांचं वजन सारखं नसतं.

प्रत्यक्षात या चार वर्षांच्या मुलाची बायोप्सी कोणी करणार नाही. एक ते बारा वर्षं वयात, रक्त नाही, रक्तदाब नाही, क्रिएटिनिन ठीक, असं नेफ्रॉटिक सिंड्रोमचं चित्र असेल, तर बहुधा मिनिमल चेंजच असतो आणि तो स्टेरॉइडनं आटोक्यात येतो. भारतातल्या प्रचलित पद्धतीत प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे 2 मिलिग्रॅम रोज सहा आठवडे, मग दीड मिलिग्रॅम एक दिवसाआड सहा आठवडे देतात. आपल्या मुलाचं वजन 16 किलो धरलं, तर सुरुवातीला रोजचे 32 मिलिग्रॅम. बहुतेक मुलांत चार आठवड्यांच्या आत लघवीतली प्रथिनं थांबतात. सहा आठवड्यांनीही थांबली नाहीत, तर सुई काढायची वेळ येते. पेपरातला प्रश्न बायोप्सीवरून निदान विचारतो, बालरोगाच्या ओपीडीत औषधाचा परिणामच निदान सांगतो.

यातल्या पुष्कळ मुलांना आजार परत परत होतो. म्हणून आईवडिलांना घरी सकाळची पहिली लघवी स्ट्रिप बुडवून पाहायला आणि वहीत नोंद करायला शिकवतात. तीन दिवस लागोपाठ तीन प्लस आलं, की आजार उलटला. स्ट्रिप मिळत नसेल, तर परीक्षानळीत लघवी तापवून ढगाळपणा पाहतात. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट 1827 च्या सुमारास हेच करत होते: चमच्यात लघवी, खाली मेणबत्ती, आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखं काही साकळतंय का ते बघायचं. अंगावरची सूज, अशी लघवी आणि मृत्यूनंतर दिसलेली खराब मूत्रपिंडं यांचा संबंध त्यांनीच जोडला. त्यांच्या रुग्णांत आपण आज नेफ्रॉटिक म्हणू ते होते आणि नेफ्रिटिकही होते. सगळ्यांना मिळून पुढे शंभर वर्षं ब्राइटचा आजार हे एकच नाव होतं.

त्या मुलीचं प्रकरण अगदी वेगळं आहे. तिच्या पुळ्यांमधल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना जंतूंचे अंश आणि प्रतिपिंडं यांची जोडगोळी ग्लोमेरुलसमध्ये अडकली. रक्ताच्या बाजूला असं काही अडकलं, की वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते लगेच समजतं. कॉम्प्लिमेंट ही प्रथिनांची साखळी पेटते, तिच्यात सी-3 खर्ची पडतं, पांढऱ्या पेशी गुच्छात घुसतात. गुच्छ पेशींनी इतका भरून जातो की रक्ताला वाटच उरत नाही. गाळण्याचं काम मंदावतं, क्रिएटिनिन चढतं, लघवी कमी होते. बाहेर न पडलेलं मीठ आणि पाणी वाहिन्यांतच साठतं, म्हणून रक्तदाब वाढतो, म्हणून डोकं दुखतं. सूज इथेही आहे, पण ती भरलेल्या टाकीची. बेतानं मीठ-पाणी, फ्रुसेमाइडसारखं लघवी वाढवणारं औषध आणि रक्तदाबावर नजर, हाच मुख्य उपचार. रक्तदाब सोडून दिला तर मुलीला झटके येऊ शकतात, फुप्फुसांत पाणी भरू शकतं. स्टेरॉइडचा इथे सहसा उपयोग नसतो.

पेशींच्या या धुमश्चक्रीत पटलाला भोकं पडतात आणि त्यातून लाल पेशी पिळवटून बाहेर येतात. म्हणून त्या वेड्यावाकड्या दिसतात. पुढे नलिकेत त्या प्रथिनांबरोबर थिजतात आणि नलिकेच्या आकाराचे लांबट तुकडे बनून लघवीत उतरतात. तेच लाल पेशींचे साचे. मुतखडा असला किंवा मूत्राशयातून रक्त येत असलं, तर साचे बनत नाहीत, कारण ते रक्त नलिकेतून आलेलंच नसतं. एक साचा जरी सापडला, तरी रक्तस्राव मूत्रपिंडाच्या आतला, बहुधा ग्लोमेरुलसचाच. पण तो सापडायला लघवी ताजी लागते. सकाळी सातला दिलेला नमुना दुपारी बाराला तपासला, तर साचे विरघळलेले असतात आणि अहवालात नुसत्या लाल पेशी उरतात. या एका दिरंगाईनं मूल मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे जाण्याऐवजी सोनोग्राफीत खडा शोधत फिरतं.

प्रश्न काढणारा इथे एक सापळा लावतो, आणि मला तो आवडतो. मुलीची एएसओ ही चाचणी नॉर्मल आली, असं तो लिहितो. घसा दुखून गेल्यावर ही चाचणी वाढते, म्हणून विद्यार्थी गोंधळतात आणि स्ट्रेप्टोकोकसला बाद करतात. पण त्वचेच्या संसर्गानंतर एएसओ बरेचदा वाढत नाही. त्वचेतल्या चरबीत जंतूचं ते विष निष्प्रभ होतं. तिथे अँटी-डीएनेज-बी पाहावी लागते. दुसरी खूण काळाची. घशाच्या संसर्गानंतर हा आजार एक-दोन आठवड्यांनी येतो, त्वचेच्या संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी. घसा दुखायला लागून एक-दोन दिवसांतच लघवी लाल झाली आणि सी-3 नॉर्मल असलं, तर रोख दुसरीकडे वळतो: आयजीए नेफ्रोपॅथी, जी 1968 मध्ये पॅरिसच्या जाँ बर्जे आणि निकोल इंग्ले यांनी चमकत्या रंगांच्या तपासणीत वेगळी ओळखली.

मुलीची बायोप्सी केलीच, तर तुकड्याचे तीन भाग होतील. एक फॉर्मॅलिनमध्ये, साध्या सूक्ष्मदर्शकासाठी. त्यात पेशींनी गच्च भरलेले, फुगलेले गुच्छ दिसतील. दुसरा प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी. काळ्या पार्श्वभूमीवर आयजीजी आणि सी-3 चे विखुरलेले ठिपके चमकतील. पुस्तकं त्याला ताऱ्यांनी भरलेलं आकाश म्हणतात. तिसरा ग्लुटारल्डिहाइडमध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. तिथे पटलाच्या बाहेरच्या अंगाला, पोडोसाइटच्या खाली, उंटाच्या मदारीसारखे उंचवटे दिसतील. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे उंचवटे.

हुशार विद्यार्थी इथे हात वर करतो. बिघाड रक्ताच्या बाजूला असला की नेफ्रिटिक, लघवीच्या बाजूला असला की नेफ्रॉटिक, असं आपण म्हणत होतो. मग हे उंचवटे लघवीच्या बाजूला कसे? प्रश्न रास्त आहे. दाह पेटवणारे साठे आधी रक्ताच्या बाजूला आणि गुच्छाच्या मधल्या भागात असतात, पांढऱ्या पेशी ते साफ करतात. पटलापलीकडच्या उंचवट्यांपर्यंत त्या पेशी सहज पोचत नाहीत, म्हणून ते उरतात आणि आपल्याला दिसतात. बायोप्सी एका क्षणाचा फोटो आहे. आजार त्याच्या आधीपासून चाललेला असतो.

या मुलीचीही बायोप्सी सहसा लागत नाही. रंग आठवडा-दोन आठवड्यांत निवळू लागतो, रक्तदाब उतरतो. सी-3 सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत व्हायला हवं. तेव्हाही ते खालीच असेल, किंवा क्रिएटिनिन दिवसागणिक चढत असेल, तर मात्र हा साधा संसर्गोत्तर आजार नव्हे, अशी शंका घेऊन सुई काढतात. ल्यूपस किंवा सी-3 ग्लोमेरुलोपॅथी सुरुवातीला अगदी असाच चेहरा घेऊन येतात. ल्यूपसमध्ये तर फेस आणि रक्त दोन्ही एकाच वेळी असू शकतात. त्याचे साठे पटलाच्या दोन्ही बाजूंना बसतात, म्हणून तो दोन्ही रकान्यांत मोडतो.

मोठ्या माणसांत चित्र बदलतं. चाळिशीतल्या बाईला पायांवर सूज आणि फेसाळ लघवी असेल, तर मिनिमल चेंज गृहीत धरून स्टेरॉइड सुरू करत नाहीत. वयानुसार मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीसारखे आजार जास्त संभवतात. त्यात प्रतिपिंडं पटलाच्या बाहेरच्या अंगाला, पांढऱ्या पेशींच्या टप्प्याबाहेर साठतात. दाह नाही, प्रथिनांची गळती मात्र भरपूर. चांदीच्या रंगानं रंगवलेल्या काचेवर पटलाला बाहेरून काटे फुटलेले दिसतात. 2009 मध्ये पीएलए2आर या पोडोसाइटवरच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडल्यापासून, क्रिएटिनिन ठीक असेल आणि ही रक्तचाचणी स्पष्ट पॉझिटिव्ह आली, तर काही रुग्णांत बायोप्सी टाळताही येते.

ती निगेटिव्ह आली, तर बायोप्सी करून कोणतं प्रथिन साठलंय ते शोधावं लागतं. केरळमधल्या डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळातल्या मेम्ब्रेनसच्या 22 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या 15 जणांच्या बायोप्सीत नेल-1 हे प्रथिन होतं, आणि त्या 15 पैकी 13 जण त्वचा उजळवणारी क्रीम वापरत होते. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. पारा असलेल्या काही पारंपरिक औषधांशीही नेल-1 चा संबंध भारतात आधी दाखवला गेला होता. अशा रुग्णांत उपचाराची पहिली पायरी म्हणजे ती क्रीम बंद करणं. पुष्कळांची प्रथिनं त्यानंतर हळूहळू, काही महिन्यांत कमी होतात. पण रुग्ण क्रीमचं नाव आपणहून सांगत नाही, कारण ते औषध आहे असं त्याला वाटतच नाही. पीएलए2आर निगेटिव्ह आणि नेल-1 पॉझिटिव्ह असा अहवाल हाती आला, की डॉक्टरला चेहऱ्याला काय लावता, आयुर्वेदिक म्हणून काय घेता, हे एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. शक्यतो डबीच आणायला सांगावी, आणि त्याबरोबर रक्त-लघवीतल्या पाऱ्याची तपासणी करून घ्यावी.